ऊन चढवता येतं

पालघर जिल्ह्याचा समुद्रकिनारा पश्चिमेला तोंड करून बसला आहे. चिंचणी असो की केळवे, संध्याकाळचं ऊन समुद्रावरून येतं आणि माणसांना सुरूच्या बनाकडे लांबवत नेतं. जानेवारीत पाचच्या सुमारास सूर्य इतका उतरलेला असतो, की साडेपाच फुटी माणसाची सावली अठरा-एकोणीस फूट जाते.

बोईसरच्या आमच्या शेजारणीने तिच्या घरच्यांचा असाच एक फोटो समोर ठेवला. चिंचणीची वाळू, डावीकडे समुद्र, मुलगा, सून, नातवंडं. फोटोत मुलाच्या डावीकडे, समुद्राच्या बाजूला, एक माणूस मावेल एवढी जागा. "भाऊ, इथे ह्यांना उभं कराल का?" सोबत नवऱ्याचे जुने फोटो. त्यातला तिला सगळ्यांत आवडता होता स्टुडिओतला. छान हसरा, पण दिवा उजवीकडचा. नाकाची सावली डावीकडच्या गालावर ठसठशीत पडलेली.

फोटो आडवा उलटवला की उजेडाची बाजू बदलते, हे खरं. पण त्यासोबत शर्टाचा खिसाही उजव्या छातीवर जातो आणि केसांचा भांग बाजू बदलतो. परक्याला कळणार नाही. चाळीस वर्षं तो भांग पाहिलेल्या बायकोला मात्र लगेच खटकेल. नाकाची कडक सावली पुसायला जावं, तर तिच्याखाली कातडीचा तपशील फारसा उरलेला नसतो. म्हणून मी पावसाळ्यात ओटीवर काढलेला, तिच्या मते फिका फोटो उचलला. ढगाळ उजेड सगळीकडून येतो आणि चेहऱ्यावर दिशा सोडत नाही. अशा चेहऱ्यावर ऊन चढवता येतं. चढलेलं ऊन उतरवता येत नाही.

चढवायचं कसं? चित्राचे दोन थर घ्यायचे. Curves ने एक थोडा उजळ करायचा, दुसरा थोडा गडद. दोन्ही काळ्या मास्कने झाकायचे. मग मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत मास्कवर पांढरा ब्रश फिरवायचा. त्याच्या कपाळाची, गालाची, खांद्याची समुद्राकडची कड जिथे उजळते, तिथेच वडिलांचीही उजळायची. हनुवटीखाली मात्र काळोख करायचा नाही, कारण वाळूवरून उसळलेला उबदार उजेड तिथे पोचलेला असतो.

सावलीचं काम पायापासून सुरू होतं. चपलेची कड वाळूला टेकते तिथे एक अरुंद, सर्वांत गडद रेघ असते. ती नसली, की माणूस बोटभर तरंगतो. पुढची लांब सावली म्हणजे त्याच्याच आकाराची प्रत, वाळूवर आडवी ताणलेली आणि Multiply मध्ये बसवलेली. तिची दिशा शेजारच्यांच्या सावल्यांवरून ठरते. पावलांशी कड रेखीव, डोक्याशी मऊ. कारण सूर्य बिंदू नाही, आकाशात अर्ध्या अंशाची थाळी आहे. रंग काळा घ्यायचा नाही. उघड्यावरच्या सावलीला आकाश उजळत असतं, म्हणून ती निळसर असते. तो निळसरपणा मुलाच्या सावलीतूनच उचलावा.

एवढं झाल्यावरही काहीतरी चुकत होतं. वडील उन्हात होते, त्यांची सावली वाळूवर होती, तरी ते एकटे वाटत होते. मग लक्षात आलं, की ऊन डावीकडून येतंय आणि त्याच्या वाटेत आता ते उभे आहेत. मग मुलाच्या बाहीवर पूर्वीइतकंच ऊन कसं? तिरप्या किरणांचा हिशेब केला, तर त्यांच्या खांद्याची सावली मुलाच्या दंडावर, जवळजवळ वीतभर खाली पडायला हवी. ती घातली आणि दोघं एका संध्याकाळी आले. नव्या माणसाला उजेड देणं सगळ्यांना सुचतं. त्याने दुसऱ्याचा अडवलेला उजेड विसरला जातो.

रंग शेवटी. आधी दोन्ही फोटो कृष्णधवल करून पाहायचे, म्हणजे रंगाची भूल पडत नाही. किनाऱ्याच्या फोटोत पुरता काळा क्वचितच असतो. ओटीवरच्या फोटोत केस कोळशासारखे काळे होते. ते मुलाच्या केसांइतके उचलले. मग रंग परत आणून पांढरा जुळवला: त्यांचा सदरा नातीच्या फ्रॉकइतका पिवळसर. त्वचा मात्र बापलेकाची सारखी करायची नाही, नाहीतर सावळा माणूस गोरा होऊन बसतो.

कुणाकडे असं काम द्यायचं असेल, तर अल्बममधला सर्वांत देखणा फोटो नेऊ नका. ढगाळ दिवसाचा, ओटीवरचा, साधा आणि पायांपर्यंतचा न्या. पाय नसतील, तर मागच्या रांगेत जागा मागा.