पाच चित्रे

चित्र काढणे एक वेळ सोपे; पण काढलेले चित्र टाकून देणे फार कठीण! माझी भाची चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात शिकते. तेथील स्पर्धेसाठी एकाच विषयावरील पाच छायाचित्रे आणि प्रत्येकाखाली दोन ओळींचा मजकूर द्यावयाचा होता. तिने चाळीस चित्रे माझ्यापुढे मांडली. विषय ठरविला होता ‘आमचे अरण्य’. एवढ्या विस्तीर्ण नावाखाली काहीही चालते. म्हणूनच त्यात काहीही शोभत नाही.

त्या चाळिसांत गडचिरोलीकडील मोहफुलांची नऊ चित्रे होती. विषय तोच घ्यावा, असे ठरले. मग ताडोब्यातील वाघ आपोआप बाहेर पडला. “मामा, माझे सर्वांत चांगले चित्र तेच आहे!” ती कळवळून म्हणाली. होतेही तसेच. परंतु मालिकेत प्रत्येक चित्राने मागच्याचा धागा पुढे न्यावा लागतो, आणि वाघाला मोहाशी काही सांगावयाचे नव्हते.

उरलेल्या नवांतून पाच निवडताना आम्ही कामाचा क्रम धरला. प्रथम पाचोळा जाळून काळी केलेली झाडाखालची जमीन. नंतर त्या काळ्या भुईवर पहाटे गळालेली फिकट पिवळी फुले. मग वेचणारी स्त्री. अंगणात वाळत घातलेली, तांबूस पडलेली रास. आणि शेवटी बाजारातला तराजू. टोपल्यांची तीन चित्रे एकच गोष्ट सांगत होती, म्हणून त्यांतले एकही घेतले नाही.

खरा वाद मजकुरावर झाला. वेचणाऱ्या बाईच्या चित्राखाली तिने लिहिले होते, “दारिद्र्याचे ओझे.” मी विचारले, “हे त्या बाईने सांगितले, की तू ठरविलेस?” ती गप्प झाली. बाई वाकलेली आहे हे डोळ्यांना दिसतेच. न दिसणारे तेवढेच शब्दांनी सांगावे. अखेर तिने लिहिले: “चैत्रातली पहाट. फुले रात्रभर गळतात. ऊन चढण्यापूर्वी वेचणी आटोपावयाची असते.” आता पाहणारा बाईची कीव करीत नाही, तिच्या घाईत सामील होतो.

पहिल्या चित्राखाली आणखी एक वाक्य आले: “फुले दिसावीत म्हणून लावलेली ही आग आवरली नाही, तर रानात शिरते.” तेवढ्याने ते चित्र केवळ सुंदर राहिले नाही.

अंगणातली रास मात्र दुसऱ्या गावची होती. पाहणाऱ्याला ती त्याच बाईची वाटली असती, आणि मालिका अधिक गोड झाली असती. भाचीने क्षणभर विचार केला, व मजकुराच्या आरंभीच “दुसऱ्या एका गावी” असे शब्द घातले. चित्र सहसा खोटे बोलत नाही. त्याच्या शेजारचे चित्र त्याला खोटे बोलावयास लावते. तेवढे आवरण्याचे काम त्या दोन ओळींचे.