भिंतीवरचे जुने वर्ष

१/ मालवणात १९२९ साली जन्मलेल्या जयंतराव साळगावकरांचे ‘कालनिर्णय’ १९७३ साली प्रथम निघाले. त्या पहिल्या वर्षाचे पान कोकणातल्या एखाद्या घरात आजही जपलेले असेल, तर ते रद्दी समजून टाकण्याची घाई करू नये. २०२९ साली त्यातले सारे वार पुन्हा बरोबर जुळतील.

२/ त्यामागचे गणित साधे आहे. ३६५ दिवसांत ५२ आठवडे बसतात आणि एक दिवस उरतो. म्हणून साध्या वर्षानंतर प्रत्येक तारीख एक वार पुढे सरकते. लीप वर्षाचा २९ फेब्रुवारी मध्ये आला, की ती दोन वार सरकते. ही सरक सातच्या पटीत आली, म्हणजे वार मूळ जागी परततो.

३/ १९७३ ते १९७९ या सहा वर्षांत १९७६ हे एकच लीप वर्ष आले. सहा अधिक एक, सात. म्हणून १९७९ चे वार १९७३ प्रमाणेच. पुढच्या अकरा वर्षांत तीन लीप वर्षे आली, बेरीज चौदा, म्हणून १९९०. त्याच रीतीने २००१, २००७, २०१८ आणि आता २०२९. या प्रत्येक वर्षी २६ जानेवारीला शुक्रवार आणि १५ ऑगस्टला बुधवार.

४/ येथे एक फसवी जागा आहे. २०१८ नंतर सहा वर्षांनी, २०२४ ची १ जानेवारीही सोमवारीच आली. पण २०२४ हे लीप वर्ष. त्यामुळे फेब्रुवारी अखेरपर्यंत जुने पान बिनचूक चालले, १ मार्चपासून मात्र एका वाराने चुकू लागले. स्वातंत्र्यदिन बुधवारऐवजी गुरुवारी आला. म्हणून १ जानेवारीचा वार पाहून थांबू नये, ३१ डिसेंबरचाही पाहावा. दोन्ही जुळले तरच वर्ष जुळले. लीप वर्षाचे पान साधारणतः २८ वर्षांनी परतते. १९९६ चे २०२४ ला परतले.

५/ आता खरी अडचण. मालवणच्या चाकरमान्याला स्वातंत्र्यदिनाहून चतुर्थीचा वार अधिक महत्त्वाचा. २००१ साली गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला, बुधवारी होती. २००७ साली १५ सप्टेंबरला, शनिवारी. २०१८ साली १३ सप्टेंबरला, गुरुवारी. तिन्ही वर्षांचे वार तंतोतंत सारखे, सण मात्र तीन वेगळ्या तारखांना. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणून तिथी दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पलीकडे जातात. २००७ आणि २०१८ साली अधिक ज्येष्ठ चतुर्थीच्या आधीच येऊन गेला होता, म्हणून गणपती उशिरा आले. २००१ साली अधिक आश्विन चतुर्थीनंतर पडला, म्हणून ते लवकर आले.

६/ तिथी साधारण १९ वर्षांनी त्याच तारखेच्या आसपास येतात. १९९९ ची चतुर्थीही १३ सप्टेंबरलाच होती, पण सोमवारी. वारांचे चक्र वेगळे, चंद्राचे वेगळे. दोन्ही एकाच पानावर छापलेली असतात, एवढेच.

७/ इतिहासाच्या अभ्यासकाला हाच बेबनाव उपयोगी पडतो. समजा, ट्रंकेत तळाला अंथरलेले ऑगस्टचे एक पान सापडले. साल फाटून गेले आहे, १ तारखेला बुधवार आहे. १९७३ ते २०१८ या काळात असा ऑगस्ट आठ वेळा आला: वरची सहा वर्षे, शिवाय १९८४ आणि २०१२ ही लीप वर्षे. केवळ वारावरून याहून पुढे जाता येत नाही. पण त्याच पानावर २२ तारखेला गणेश चतुर्थी छापलेली असेल, तर आठांपैकी एकच वर्ष उरते: २००१. वार संशयितांची यादी देतो, तिथी त्यांतला नेमका एक ओळखते. जुन्या मराठी पत्रांत तिथीबरोबर वार लिहिलेला असला, की अभ्यासक त्याच रीतीने दोन्हींचा मेळ घालून पाहतात.

८/ आणि एक दिवस असा, की जो या दोन्ही चक्रांत सापडत नाही. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा देवीचा कौल घेऊन ठरते. २०२३ साली ती ४ फेब्रुवारीला भरली, २०२४ साली २ मार्चला. १९७३ चे पान २०२९ चा प्रजासत्ताक दिन आजच सांगते. त्या वर्षीच्या चतुर्थीसाठी पंचांग उघडावे लागते. आणि जत्रेसाठी मुंबईतल्या चाकरमान्याला गावाकडून निरोप येईपर्यंत वाट पाहावी लागते.