शेवटची घडी आधी उघडा

जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत, मानसिक क्षमतेच्या विभागात, कागदाच्या घड्या आणि छिद्रे यांवर प्रश्न असतात. चौकोनी कागदाला दोन-तीन घड्या घातलेल्या दाखवतात, त्यावर छिद्रे पाडतात, आणि कागद पुरता उलगडल्यावर कसा दिसेल ते चार आकृत्यांतून ओळखायचे असते. हा प्रकार शिकवताना एक सूत्र हमखास सांगितले जाते: दर घडीला छिद्रे दुप्पट. दोन घड्या, दोन छिद्रे, म्हणजे आठ. मला वाटते, हे सूत्र मुलांना देऊच नये. घडी कागदाच्या काही भागापुरती किंवा एका कोपऱ्यापुरतीच असेल, तर ते सरळ चुकते. छिद्र पडले त्या जागी कागदाचे जितके पदर, तितकीच छिद्रे उलगडल्यावर मिळतात, आणि कोणता पदर कुठे जातो हे कळायला घड्या उलट्या क्रमानेच उघडाव्या लागतात.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. कागदावर चार आडव्या ओळी आणि चार उभे स्तंभ आखलेले आहेत असे धरा. ओळी वरून मोजायच्या, स्तंभ डावीकडून. पहिल्या घडीत उजवा अर्धा भाग डाव्या भागावर आणला. आता दोन स्तंभांचा उभा आयत उरला, सगळीकडे दोन पदरांचा. दुसऱ्या घडीत या आयताचा वरचा डावा कोपरा तिरका खाली आणला, असा की त्याचे टोक मूळ कागदाच्या मध्यबिंदूवर टेकावे. मग दोन छिद्रे पाडली: एक दुसऱ्या ओळीच्या दुसऱ्या स्तंभात, एक चौथ्या ओळीच्या पहिल्या स्तंभात. पहिल्या छिद्राखाली चार पदर आहेत, कारण तिथे दुमडलेला कोपरा येऊन बसला आहे. दुसऱ्याखाली दोनच. म्हणजे एकूण सहा छिद्रे व्हायला हवीत, आठ नव्हेत.

आता उघडू. तिरकी घडी शेवटी घातली, म्हणून ती आधी. कोपरा मागे गेला की दुसऱ्या ओळीतल्या छिद्राचे जोडीदार छिद्र पहिल्या ओळीच्या पहिल्या स्तंभात दिसते. चौथ्या ओळीतल्या छिद्राला या घडीचा स्पर्शच नाही, ते एकटे राहते. मग उभी घडी उघडायची: डावीकडची तिन्ही छिद्रे उजवीकडे आरशात पाहिल्यासारखी उमटतात. चार कोपऱ्यांच्या चौकटींत एकेक आणि दुसऱ्या ओळीच्या मधल्या दोन चौकटींत एकेक, अशी सहा झाली. हाच क्रम उलटा केला तर काय होते पाहा. उभी घडी आधी उघडली असे मानून छिद्रे उजवीकडे नेली, आणि नंतर वरचा डावा कोपरा उघडला, तर उजव्या वरच्या कोपऱ्यातले छिद्र सुटते आणि उत्तर पाचवर थांबते. कोपरा दुमडला तेव्हा त्याचे दोन पदर होते, आणि त्यातला एक उजव्या बाजूचा होता, हे विसरले गेलेले असते. पाच छिद्रांची आकृती पर्यायांत असेल, तर घाईतले मूल तीच निवडते.

तिरक्या घडीपाशी आणखी एक चूक फार होते: मुले छिद्राची जोडी आडवी किंवा उभी सरळ शोधतात. जोडी नेहमी घडीच्या रेषेला काटकोनात आणि तितक्याच अंतरावर असते, म्हणून तिरक्या घडीत तीही तिरकीच सापडते. पडताळणीही हाताशी आहे. पहिली घडी अगदी मध्यावर घातली असेल, तर ती सर्वांत शेवटी उघडते, आणि म्हणून पूर्ण आकृती त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी असलीच पाहिजे. पाच छिद्रांचे उत्तर या एकाच कसोटीवर बाद होते. शेवटच्या घडीबद्दल मात्र असे म्हणता येत नाही.

यावर आक्षेप असा येतो की हा प्रश्न कल्पनाशक्तीचा आहे, चौकटी आखून सोडवला तर परीक्षेचा हेतूच हरवतो. मला तो पटत नाही. अमेरिकेतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसने 1976 मध्ये दिलेल्या चाचणीसंचात कागद दुमडण्याची प्रसिद्ध चाचणी आहे, आणि काही जण सममिती व परावर्तनाच्या रेषा शोधून विचारपूर्वक उत्तर काढत असावेत, हे त्याच्या पुस्तिकेतही मान्य केले आहे. कल्पना आणि तर्क इथे वेगळे काढता येत नाहीत. घडी मनात उघडतानाही छिद्र कुठे जाईल हे ठरवावेच लागते. वेळेचा आक्षेप अधिक खरा आहे. नवोदयच्या मानसिक क्षमतेच्या विभागात 40 प्रश्नांना 60 मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट मिळते. पण दोन घड्यांच्या प्रश्नाला चौकट आखून दोनदा जोड्या लावणे दीड मिनिटात सहज बसते, आणि सरावलेल्या मुलाला पुढे चौकट आखावीही लागत नाही.

खरा कागद दुमडून दाखवणे चांगलेच, पण शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती आहे. छिद्र पाडल्यावर कागद लगेच उघडू नका. मुलाला आधी प्रत्येक घडीनंतरची आकृती काढू द्या, मग एकेक घडी उघडून तिच्याशी ताडून पाहा. चूक नेमक्या कोणत्या घडीला झाली, ते तेवढ्यानेच कळते.