सत्तावीस महिने

पीएमपीसाठी 72,000 रुपये बाजूला काढले तेव्हा मी घरी छातीठोकपणे सांगितलं होतं की हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. पदाच्या रकान्यात ‘सीनियर इंजिनिअर’ असं लिहिलेलं, हाताखाली कागदोपत्री एकही माणूस नाही, आणि तरी कन्व्हेयरच्या प्रोजेक्टमध्ये ग्राहकाचा पहिला फोन मलाच. कंपनी मॅनेजर म्हणत नाही ना, मग अमेरिकेतली एक संस्था म्हणेल, असा साधा हिशेब होता. आज ते मत राहिलेलं नाही. ते कसं बदललं, ते सांगतो.

72,000 हा आकडा एका जागचा नव्हता. परीक्षेची फी डॉलरमध्ये. सदस्यांना ती कमी पडते म्हणून आधी सदस्यता घ्यायची. त्यावर 35 तासांचं प्रशिक्षण, कारण तेवढे तास दाखवल्याशिवाय अर्जच पुढे जात नाही. मग सराव प्रश्नसंच. पास झाल्यावरही दर 3 वर्षांनी 60 पीडीयू जमवून, म्हणजे तेवढ्या तासांचं शिक्षण किंवा व्यावसायिक काम दाखवून, नूतनीकरणाची फी भरायची. हे शेवटचं मला क्लासवाल्याने सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

पण माझं मत पैशाने बदललं नाही, अर्जाने बदललं. 2023 च्या फेब्रुवारीत, क्लास संपल्यावर, एका रविवारी मी तो भरायला बसलो. पदवीधराला मागच्या 8 वर्षांत प्रोजेक्ट चालवल्याचे 36 महिने दाखवायचे होते. पद काहीही असलं तरी चालतं, ही जमेची बाजू. मी एक्सेल उघडून चार प्रोजेक्ट लिहिले. पहिला जून 2019 ते मार्च 2020, 10 महिने. दुसरा नोव्हेंबर 2020 ते ऑक्टोबर 2021. तिसरा मे 2021 ते एप्रिल 2022. चौथा फेब्रुवारी 2022 ते जानेवारी 2023. हे तिन्ही बारा-बारा महिन्यांचे. बेरीज 46. मी चहा करायला उठलो.

परत येऊन नियम नीट वाचला, तर एकाच वेळी चाललेले दोन प्रोजेक्ट असले तरी तो महिना एकदाच मोजायचा होता. दुसरा आणि तिसरा 6 महिने एकमेकांवर चढलेले, तिसरा आणि चौथा 3 महिने. 46 मधून 9 गेले, उरले 37. अजूनही एक महिना वर. पण प्रत्येक प्रोजेक्टपुढे आपण काय केलं ते लिहायचं असतं, आणि पहिल्यापाशी माझी बोटं थांबली. त्यात मी पॅनेलची ड्रॉइंग काढली होती, साइटवर वायरिंग तपासलं होतं, आठवड्याच्या मीटिंगला शेवटच्या खुर्चीत बसलो होतो. वेळापत्रक कुणी केलं? दुसऱ्याने. व्हेंडरशी तारखा कुणी ठरवल्या? त्यानेच. उशीर झाला तेव्हा ग्राहकाच्या शिव्या कुणी खाल्ल्या? अर्थातच त्याने. प्रोजेक्टमध्ये काम करणं आणि प्रोजेक्ट चालवणं यातला फरक मला तोवर बोलायला यायचा, मोजायला येत नव्हता. ते 10 महिने काढले. उरले 27.

क्लासमधल्या एकाला फोन केला. तो म्हणाला, “अरे, ‘को-ऑर्डिनेटेड’ लिही आणि टाक पुढे. कोण बघतंय?” खरं तर बघतात. काही अर्ज ऑडिटसाठी निवडले जातात आणि मग त्या त्या प्रोजेक्टची माहिती असलेल्या माणसाकडून अनुभवाची खातरजमा मागतात. माझ्या बाबतीत तो माणूस म्हणजे ज्याने तो प्रोजेक्ट खरोखर चालवला तोच. त्याच्यापुढे जाऊन “सर, हा मी चालवला असं लिहून द्या” म्हणायचं? मी फाइल बंद केली. थोडं फसवल्यासारखं वाटलं, पण फसवणारा मीच होतो. 35 तास कुणालाही विकत घेता येतात. 36 महिने कुणी विकत नाही, आणि ते आधी मोजायचे असतात. मी उलट क्रमाने गेलो.

तरी क्लासचे पैसे मी वाया गेले म्हणणार नाही, आणि इथेही माझं आधीचं मत चुकलं. मला वाटायचं, परीक्षा म्हणजे सूत्रं आणि व्याख्या. तेव्हा 180 प्रश्न, 230 मिनिटं, आणि बहुतेक प्रश्नांचा सूर एकच: अशी परिस्थिती आहे, तुम्ही आधी काय कराल? सरावातला एक प्रश्न साधारण असा होता. ग्राहकाचा माणूस साइटवर तोंडी एक छोटा बदल सांगतो, तर काय कराल? मी डोळे मिटून ‘करून देईन’ला खूण केली. चूक. ‘नकार देईन’ आणि ‘साहेबांना विचारीन’ हेही चूक. आधी त्या बदलाने वेळ, पैसा आणि बाकीचं काम किती हलतं ते बघायचं, मग लेखी बदल-विनंती, आणि मंजुरी आल्यावरच हात लावायचा.

ते उत्तर वाचताना मला माझा दुसरा प्रोजेक्ट आठवला. ग्राहकाच्या मेंटेनन्सवाल्याने “साहेब, पॅनेल जरा तिकडे सरकवा, फोर्कलिफ्ट वळत नाही” असं म्हटलं आणि मी 4 मीटर सरकवलं. केबल कमी पडली, ट्रे नव्याने टाकावा लागला, दोन माणसं दोन दिवस अडकली. बिल लावलं तर परचेसने विचारलं, “पीओत कुठे आहे?” लेखी काहीच नव्हतं. तो खर्च कंपनीने गिळला आणि माझ्या अप्रेझलमध्ये बाहेर काढला.

पुढच्या प्रोजेक्टने राहिलेले 9 महिने भरून निघाले. किक-ऑफच्या इतिवृत्तात प्रोजेक्ट लीड म्हणून माझं नाव आलं, कारण ते मी मागून घेतलं. म्हणजे आता अर्ज खरा झाला असता. तेव्हा मी दुसरा हिशेब केला, जो खरं तर पहिला करायला हवा होता: हा कागद वाचणार कोण? आमच्या एचआरला विचारलं. पगाराच्या श्रेणीशी त्याचा संबंध नाही, फी परत मिळण्याची सोय नाही. चाकण-भोसरीतल्या मला जमतील अशा वीसेक जाहिराती काढून पाहिल्या. तिथे मागणी होती ती पेंट शॉपचा अनुभव, पीएलसीची जाण, साइटवर राहायची तयारी अशी. उलट माझा मावसभाऊ सल्लागार कंपनीत आहे. त्यांच्या टेंडरमध्येच पीएमपी असलेला माणूस दाखवा अशी अट असते, आणि फी कंपनी भरते. पद त्याचंही ‘इंजिनिअर’च. त्याने परीक्षा दिली, आणि मीच त्याला दे म्हटलं. आखाती देशांत जायचं असतं तर मीही पुन्हा विचार केला असता. मला जायचं नाही. आई इथे आहे.

म्हणून उरलेले 48,000 खात्यात तसेच आहेत. बायको अधूनमधून “गुंतवणूक कशी आहे?” असं विचारते.

मागच्या महिन्यात चाकणच्या साइटवर ग्राहकाचे इंजिनिअर आले आणि म्हणाले, “सेफ्टी गार्ड जरा पलीकडे घ्या ना, पाच मिनिटांचं काम आहे.” मी बॅगेतून एक पानी फॉर्म काढला, सेन्सरची जागा, केबलची लांबी आणि दीड दिवस असं त्यांच्यासमोर भरलं, खाली रक्कम टाकली आणि सहीसाठी पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला, गार्डकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “राहू द्या, आहे तिथेच बरा आहे.”