टक्के मोजणं मी का सोडलं

स्टेपान रुडिक या युक्रेनियन छायाचित्रकारावर अन्याय झाला, असं मी बरीच वर्षं ठासून सांगत आले. आता सांगत नाही. मत का फिरलं ते लिहायचं, तर आधी त्याचं प्रकरण थोडक्यात सांगायला हवं.

२०१०च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत रुडिकला क्रीडा विभागात तिसरं बक्षीस मिळालं. विषय होता कीव्हमधल्या रस्त्यावरच्या मारामाऱ्या. नंतर त्याच्या एका चित्राची मूळ रॉ फाइल स्पर्धेतल्या चित्राशी ताडून पाहिली गेली आणि बक्षीस रद्द झालं. मूळ फोटो रंगीत आणि ऐसपैस होता. त्यातला पट्टी बांधलेल्या हाताचा भाग त्याने कापून घेतला, तो कृष्णधवल केला, कडा काळवंडवल्या, दाणे वाढवले. यातल्या कशालाही कुणी हरकत घेतली नाही. हरकत आली ती हातामागे दिसणाऱ्या कुणाच्या तरी पायाच्या एका तुकड्यावर. तो त्याने पुसला होता.

मला हे हास्यास्पद वाटायचं. तीन चतुर्थांश चित्र फेकून दिलं, रंग उडवले, ते सगळं चाललं. आणि नखाएवढा तुकडा काढला म्हणून चोर? भाईंदरमध्ये लग्नाच्या अल्बमचं रिटचिंग करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. आमच्या धंद्यात एक नियम आहे: जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार ते काढायचं, जे जन्माचं आहे ते विचारल्याशिवाय काढायचं नाही. पुटकुळी जाते, तीळ राहतो. नवरीच्या मागे फेट्यातून डोकावणारी दिव्याची वायर जाते. यात खोटं काय, असं मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही.

त्यामुळे आमच्या भागातल्या हौशी छायाचित्रकारांच्या एका स्पर्धेत तपासणीचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा नियम मीच सुचवला. मूळ फाइल मागवायची, स्पर्धेतलं चित्र तिच्यावर बसवायचं, एकातून दुसरं वजा करायचं आणि किती टक्के भाग बदलला ते मोजायचं. दोन टक्क्यांच्या आत असेल तर पास. माणसाची आवडनिवड मध्ये येणार नाही, हा माझा मुद्दा सगळ्यांना पटला.

वजाबाकी ऐकायला सोपी वाटते. दोन्ही चित्रांत एका जागच्या ठिपक्याची उजळी सारखी असेल तर उत्तर शून्य, म्हणजे काळं. वेगळी असेल तर जेवढा फरक तेवढं उजळ. फोटोशॉपमध्ये दोन लेअर एकमेकांवर ठेवून वरच्याचा ब्लेंड मोड `Difference` केला की झालं. इमेजमॅजिक वापरणाऱ्याला एक ओळ पुरते:

```
magick mul.png spardha.png -compose difference -composite -evaluate multiply 8 farak.png
```

शेवटचा आठाचा गुणाकार बारीक फरक डोळ्याला दिसावा म्हणून. तिथे `-auto-level` वापरलं तर घोटाळा होतो. ते सर्वांत मोठ्या फरकाला पांढरं करून बाकी सगळं त्या मापात ताणतं. त्यामुळे नुसतं पुन्हा जेपेग करून साठवलेलं निष्पाप चित्रही डागांनी भरलेलं दिसतं. ठरावीक गुणाकार ठेवला तरच दोन चित्रांची तुलना करता येते.

खरं काम या ओळीच्या आधीचं असतं. स्पर्धेतलं चित्र कापलेलं, किंचित फिरवलेलं, लहान केलेलं असतं. मूळ चित्र तेवढंच कापून, फिरवून, लहान करून त्याच्यावर चपखल बसवावं लागतं. `Auto-Align Layers` हे बरंचसं करून देतं, पण अर्धा ठिपका जरी सरकला तरी प्रत्येक कडेला एक उजळ रेघ उमटते. ती रेघ ओळखायला शिकावं लागतं. सरकल्यामुळे आलेला फरक वस्तूंच्या कडा धरून चालतो आणि सगळीकडे एकाच बाजूला असतो. पुसल्यामुळे आलेला फरक डबक्यासारखा एका जागी साचतो, कडांची पर्वा करत नाही. कोपऱ्यांत वाढत जाणारा फरक दिसला तर समजावं, की लेन्सचा बाक सॉफ्टवेअरने सरळ केला आहे. मूळ चित्रालाही तीच दुरुस्ती लावायची आणि पुन्हा बसवायचं.

मग उजळीचा प्रश्न येतो. कॉन्ट्रास्ट वाढवलेलं चित्र मुळातून तसंच वजा केलं तर सगळंच करडं दिसतं. म्हणून मूळ चित्राच्या प्रत्येक उजळीला स्पर्धेच्या चित्रात साधारण कोणती उजळी मिळाली ते पाहून एक कर्व्ह बसवायचा आणि मूळ चित्र त्या कर्व्हमधून काढून मग वजा करायचं.

माझं मत फिरलं ते भाईंदरजवळच्या उत्तन गावाच्या एका फोटोने. पहाटे होडीतून किनाऱ्याकडे बघत काढलेला. पुढे झेंडे लावलेल्या मासेमारी बोटींची रांग, मागे वस्ती, त्यामागे डोंगर आणि वर मोतिया आकाश. फोटो सुरेखच होता. वजाबाकीत बोटी काळ्या, वस्ती काळी, पाणी काळं. मोजणीत टक्का जवळजवळ शून्य. माझ्या नियमाने तो सर्वांत प्रामाणिक फोटो ठरत होता.

त्याच गठ्ठ्यात एका तरुण कोळ्याचं व्यक्तिचित्र होतं. चेहरा फ्रेमभर. काढणाऱ्याने गालावरच्या पुटकुळ्या घालवल्या होत्या, डोळ्यांखालचा काळेपणा हलका केला होता. वजाबाकीत अख्खा गाल गोवर आल्यासारखा उजळला. टक्का सहाच्या वर. नियमाप्रमाणे बाद.

हा माणूस बाद करणं माझ्या जिवावर आलं. मी स्वतः रोज तेच करते. म्हणून मोजणीच चुकते आहे का हे बघायला दोन्ही चित्रं पुन्हा घेतली, आणि यावेळी फरक सरसकट पांढरा न दाखवता धन-ऋण चिन्ह राखून वजाबाकी केली. म्हणजे शून्याला मधला करडा रंग द्यायचा. स्पर्धेचं चित्र मुळापेक्षा उजळ असेल तिथे करड्याहून उजळ, गडद असेल तिथे गडद. उत्तनच्या आकाशात, डोंगराच्या माथ्यावर, एक अंधूक उजळ पट्टा वर आला. फरक होता २५५ पैकी आठ-दहा पायऱ्यांचा. मोजणीत मी बारा पायऱ्यांखालचा फरक जेपेगचा कचरा म्हणून सोडून देत होते, म्हणून तो टक्क्यात आलाच नव्हता.

तो नुसता उतार असू शकतो, अशी शंका घ्यायला जागा होती. आकाश वरून खाली थोडं उजळवलं तरी असाच मऊ फरक पडतो. अशा वेळी मऊ फरक गाळून फक्त बारीक तपशील ठेवण्याची युक्ती असते, पण इथे ती निरुपयोगी. शोधायची गोष्टच मऊ असेल तर उताराबरोबर तीही गाळली जाते. उत्तर मिळालं दाण्यांत. पहाटेचा फोटो, आयएसओ वाढवलेला, आकाशभर बारीक दाणे. दोन्ही चित्रं एकाच क्लिकमधून आलेली असल्याने न हाताळलेल्या जागी दाण्यावर दाणा बसतो आणि वजाबाकीत उडून जातो. उजळी कमी-जास्त केली तरी दाणे त्याच जागी राहतात. पण ब्रशने रंगवलेल्या किंवा शेजारून उचलून चिकटवलेल्या जागी मूळ दाण्याला जोडीदार उरत नाही, आणि तो उत्तरात खरखरीत राहतो. डोंगरमाथ्यावरचा पट्टा खरखरीत होता. भोवतालचं आकाश गुळगुळीत. तिथे हात फिरला होता. (सगळ्या चित्रावर नॉइज रिडक्शन मारलं असतं तर ही खूणही गेली असती, मग दाणे सगळीकडेच शिल्लक राहतात.)

मूळ चित्रात त्या जागी धूर होता.

उत्तन माहीत असलेल्याला पुढचं सांगायला नको. धावगीच्या डोंगरावर महापालिकेचा घनकचरा प्रकल्प आहे आणि कचऱ्याला आग लागून गावावर येणारा धूर ही तिथल्या रहिवाशांची जुनी तक्रार आहे. फोटो काढणाऱ्या मुलाला विचारलं तर तो निरागसपणे म्हणाला, “ताई, आकाश घाण दिसत होतं, म्हणून साफ केलं.” त्याने काही लपवलं नव्हतं, मूळ फाइल त्यानेच दिली होती. पण त्या फोटोचं नाव ‘उत्तनची सकाळ’ होतं, आणि उत्तनच्या त्या सकाळी धूर होता.

दोन चित्रं शेजारी ठेवल्यावर माझा टक्क्यांचा नियम माझ्याच डोळ्यांसमोर कोलमडला. सहा टक्के बदललेल्या चेहऱ्यात तोच माणूस होता. शून्य टक्के बदललेल्या आकाशातून गावाचं गाऱ्हाणं गेलं होतं. वजाबाकी कुठे बदललं एवढंच सांगते. तिथे काय होतं ते बघायला मूळ चित्रात जावं लागतं, आणि ते नाहीसं झाल्याने पाहणाऱ्याचा काय समज झाला असता, हे माणसानेच ठरवायचं असतं.

मग रुडिककडे परत गेले. माझा जुना युक्तिवाद असा, की कापण्याने जास्त गेलं. खरं आहे. पण फ्रेमच्या चार कडा प्रत्येक जण पाहतो. कडेबाहेर आणखी जग होतं हे कुणाला सांगावं लागत नाही. कडांच्या आत मात्र बातमीचा फोटो पाहणारा धरून चालतो, की जे तिथे होतं तेच इथे आहे. पाय किती लहान होता हा प्रश्नच नव्हता. असोसिएटेड प्रेसने जानेवारी २०१४ मध्ये नार्सिसो कॉन्ट्रेरासशी संबंध तोडले तेही अशाच तुकड्यावरून. सीरियातल्या एका बंडखोराच्या फोटोच्या खालच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता, तो त्याने जमिनीचा पोत चिकटवून झाकला. त्याचे सुमारे पाचशे फोटो तपासले, दुसरीकडे कुठे असं सापडलं नाही. तरी निर्णय बदलला नाही. हे मला पूर्वी क्रूर वाटायचं. आता वाटतं, बातमीच्या फोटोला दुसरा नियम परवडत नाही. आणि लग्नाच्या अल्बमला तो नियम लावायचं कारण नाही.

आमच्या स्पर्धेत आता टक्क्यांचा रकाना नाही. फरकाचा प्रत्येक डाग मुळात उघडून बघायचा आणि तिथे काय होतं ते एका वाक्यात लिहायचं. व्यक्तिचित्राला पुटकुळी माफ; गावाच्या, घटनेच्या फोटोला काहीच माफ नाही. कोळ्याचं चित्र राहिलं, उत्तनची सकाळ परत गेली.

एक अडचण मात्र या पद्धतीतच आहे. तो धूर मुलाने ब्रशने न पुसता नुसत्या कर्व्हने आकाशात विरघळवला असता, तर उजळी जुळवताना मीच माझ्या हाताने तो फरक गिळून टाकला असता आणि उत्तर स्वच्छ काळं आलं असतं. ही शंका काल्पनिक नाही. २०१५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोच्या उपान्त्य फेरीतली सुमारे वीस टक्के चित्रं बाद झाली, तेव्हा बारीकसारीक वस्तू काढण्याबरोबर अति टोनिंगचंही कारण दिलं गेलं होतं. म्हणून मी आता प्रत्येक चित्राची वजाबाकी दोनदा करते, एकदा उजळी जुळवून आणि एकदा न जुळवता. दुसरीत सगळंच करडं येतं, वाचायला वेळ लागतो, आणि सहकारी कंटाळतात. पण कर्व्हने नाहीसं केलेलं काही सापडलंच तर ते तिथेच सापडतं.