यादीतलं सहावं नाव

स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या संघात सहा जण लागतात आणि त्यात किमान एक मुलगी असावीच लागते. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे. पण माझ्या भाचीच्या बाबतीत तो कसा पाळला गेला, हे आठवलं की माझं डोकं आजही तापतं.

पोरगी देऊळघाटची. बारावी बुलढाण्याला, मग अमरावतीच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंग. घरात इंजिनिअर कोणी नाही, तेव्हा ‘ओळखी वाढव’ एवढं सांगून आम्ही तिला वसतिगृहात सोडून आलो. त्या वाढवायच्या कशा, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

पहिल्याच महिन्यात क्लबांची भरती झाली. तिने तीन-चार फॉर्म भरले, तितक्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत गेली. तिथे सकाळी ‘गुड मॉर्निंग’ आणि रात्री पोस्टर. मग तिसऱ्या वर्षाच्या एका सिनिअरचा फोन आला, ‘आमच्या टीममध्ये येतेस का?’ ती हरखून गेली. विषय होता विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजणारं यंत्र. विहिरी बघतच ती वाढलेली. तिला वाटलं, म्हणून बोलावलं.

बोलावलं होतं ते मुलगी हवी म्हणून. चर्चा मुलांच्या वसतिगृहात रात्री अकरानंतर व्हायच्या. तिथे ही जाणार कशी? सर्किटला हात लावू दिला नाही. तिच्याकडे आल्या त्या स्लाइड. रात्र जागून तिने त्या केल्या. आमच्या भागातल्या विहिरी उन्हाळ्यात कशा तळाला जातात, त्याचं चित्रही स्वतः काढलं. कॉलेजातल्या अंतर्गत फेरीत त्या चित्रावर सिनिअर बोलला आणि ही लॅपटॉपचं बटण दाबत उभी राहिली. परीक्षकांनी विचारलं, ‘ही कल्पना कुणाची?’ सिनिअर म्हणाला, ‘आमची.’ त्या ‘आमची’त ती होती की नव्हती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. संघ पुढच्या फेरीत गेला नाही. प्रमाणपत्र मात्र सहाही जणांना मिळालं.

मी फोनवर भडकलो. ती म्हणाली, ‘मामा, तुम्ही कायले चिडता? त्यानंच मले लॅबमधल्या सरांशी गाठ घालून दिली.’

तेही खरंच निघालं. त्या सरांनी पुढच्या महिन्यात तिला पाहुण्या व्याख्यात्यांना आणायला बडनेरा स्टेशनवर सोबत नेलं. आता व्याख्यानानंतरची गंमत बघा. प्रश्नोत्तरांना दहा मिनिटं असतात, त्यातली निम्मी आभारप्रदर्शनात जातात, आणि उरलेल्यांत पोरं पाहुण्यांभोवती सेल्फीसाठी कोंडाळं करतात. बडनेऱ्याहून अमरावतीला येताना गाडीत मात्र निवांत वेळ मिळतो. पाहुण्या पाणी क्षेत्रातल्या अभियंता होत्या. हिने पैनगंगेकाठच्या आपल्या गावाचं आणि त्या यंत्राचं सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘यंत्र नंतर. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. मधल्या महिन्यांत तुमच्या विहिरीत काय होतं, ते आधी बघ.’

तिने त्याच रात्री मेल पाठवला. तो मी वाचला आहे. विषयाच्या ओळीत व्याख्यानाचं नाव आणि तारीख. मग ‘बडनेऱ्याहून गाडीत होते ती मी’ एवढी ओळख. आणि एकच प्रश्न: पातळी कुठून मोजायची, जमिनीपासून की कठड्यापासून? बायोडेटा नाही, इंटर्नशिपची मागणी नाही. दोन ओळींचं उत्तर आलं: जमिनीपासून मोज, कठड्यावरून दोरी सोडलीस तर कठड्याची उंची वजा कर, आणि रोज एकाच वेळी, मोटार सुरू करण्याआधी मोज.

इतपत पुष्कळांना जमतं. बहुतेक पोरं उत्तरावर ‘थँक्यू मॅम’ लिहून थांबतात आणि थेट चौथ्या वर्षी नोकरी मागायला उगवतात. हिने दिवाळीच्या सुट्टीत घरच्या विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडली. रोज पहाटे, मोटार लागायच्या आत. कठड्याशी दोरीला गाठ मारायची आणि वर आणून गाठीपासून ओल्या खुणेपर्यंत टेपने मोजायची. माझे वडील खोली परसात सांगतात, हिने सेंटिमीटरमध्ये लिहिली. सुट्टी संपली तेव्हा आकड्यांचा तक्ता बाईंना पाठवला. त्यात दोन दिवस पातळी मध्येच वर गेलेली दिसत होती. बाईंनी लगेच कारण विचारलं. शोध घेतला तर शेजारच्या शेतातली मोटार जळून बंद पडली होती. तेव्हापासून पत्रव्यवहार सुरू आहे, आणि आता प्रश्न तिकडूनही येतात.

म्हणजे त्या सिनिअरमुळेच हे झालं, असं भाची म्हणते. मीही कधीकधी म्हणतो. पण बटण दाबत उभी असलेली ती डोळ्यांसमोर आली की मी पुन्हा माझ्या जागी येतो. नियम यादीतलं नाव बघतो, कोण बोललं ते बघत नाही. अंतर्गत फेरीच्या परीक्षकांना माझी एवढीच विनंती आहे: संघातल्या सहाही जणांना एकेक प्रश्न विचारा, आणि सुरुवात सहाव्या नावापासून करा.