देठावरची गाठ

टोमॅटोचं फूल कुठूनही तुटून पडत नाही. त्याच्या देठावर बोटाच्या पेरासारखी एक गाठ असते, तिथूनच ते सुटतं. फलन झालं नाही की आधी ही गाठ पिवळी पडते, मग फूल खाली येतं. म्हणून फूलगळीची तक्रार आली की मी औषध सुचवण्याआधी देठ बघते.

पुण्यात मार्चअखेर शेजारच्या काकूंनी गच्चीवर बोलावलं. पंधरा इंची ग्रो बॅगांतली झाडं कमरेएवढी, घोस भरपूर, आणि फळ एकही नाही. "दर आठवड्याला शेणखताचं पाणी देते गं, अजून काय घालू?" काही घालायचं नव्हतं. नत्र जास्त झालं असतं तर झाड पाल्यातच रमलं असतं, फुलं मुळात कमी आली असती. इथे फुलं होती, पण त्यांच्या गाठी पिवळ्या होत्या.

सकाळी दहाच्या सुमारास काळ्या कागदावर फूल टिचकीने हलवलं. भर उन्हातल्या झाडांचा पराग जवळजवळ पडलाच नाही. कठड्याच्या सावलीतल्या झाडांचा मात्र बारीक भुरा पडला. दुपारी पस्तिशीच्या वर आणि रात्री बावीस-तेविसाच्या वर पारा राहिला की पराग निकामी होऊ लागतो. शिवाय टोमॅटोचा पराग पुंकेसरांच्या बंद नळीत असतो. तो थरथरीने बाहेर पडतो. काळा भुंगा फुलाला लटकून तशी थरथर देतो, मधमाशीला ते जमत नाही.

मग बॅगा विटांवर ठेवल्या, म्हणजे तापलेल्या फरशीची धग मुळांना लागत नाही. बारा ते चार पन्नास टक्क्यांची शेडनेट. पाणी सकाळी, खालून निथळेपर्यंत. संध्याकाळी बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच पुन्हा. आणि रोज सकाळी दहा-अकराला विजेच्या टूथब्रशची पाठ घोसाच्या देठाला क्षणभर टेकवायची.

आठवडाभरात काही फुलांच्या गाठी हिरव्या राहिल्या, वाळल्या पाकळ्यांमागे टाचणीच्या डोक्याएवढं फळ दिसलं. एप्रिलच्या फुलांना मात्र याचा उपयोग झाला नाही. रात्रच गरम असेल तर सावली काय करणार? म्हणून मी काकूंना पुढच्या वेळी ऑगस्ट-सप्टेंबरात रोपं लावायला सांगितलं. फुलं थंडीत येतात.

मिरचीच्या फूलगळीचं वेगळं. तिथे टूथब्रशने फारसा फरक पडत नाही. मी फूल पांढऱ्या कागदावर झटकते. पिवळसर, बारीक काडीसारखे जीव पळाले तर ते फुलकिडे. पानं होडीसारखी वर वळली असतील तरी संशय त्यांच्यावरच. खाली वळली असतील तर कोळी. लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल, थोडं साबणाचं पाणी मिसळून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारायचं. कीड नसेल तर झाडावर लाल होऊ दिलेल्या मिरच्या मोजा. जुनी फळं पोसताना झाड नवी फुलं टाकतं. काकूंच्या गच्चीवरच्या मिरचीला तेवढंच हवं होतं: हिरव्या असतानाच तोडणी.